दहा-दहा मीटरच्या वेळांवरून प्रवेग आणि कमाल वेग वेगळे कसे काढायचे?

प्रश्न: माझ्या धावपटूच्या शंभर मीटरच्या दर दहा मीटरला टायमिंग गेटने वेळा घेतल्या आहेत. बंदुकीपासूनच्या एकूण वेळा अशा: २.१७, ३.३२, ४.३८, ५.४०, ६.३९, ७.४२, ८.४३, ९.४५, १०.४९, ११.५५. प्रतिक्रिया वेळ ०.१७. सगळ्यात जलद दहा मीटर ४० ते ५० मधले आहेत (०.९९), मग ५०-६० ला १.०३ लागतात आणि ६०-७० ला पुन्हा १.०१. म्हणजे प्रवेग ५० मीटरला संपला आणि तिथेच तो दमला असं समजायचं का? प्रवेगाचा टप्पा आणि कमाल वेगाचा टप्पा यांच्यातली रेघ या आकड्यांवरून नक्की कुठे ओढायची?

उत्तर:

तुमच्या आकड्यांवरून मी विभागणी अशी करेन: साधारण २५ मीटरपर्यंत मुख्य प्रवेग, २५ ते ४५ मीटर वेग हळूहळू शिगेला पोचण्याचा पट्टा, ४५ ते ७० मीटर कमाल वेग, आणि ७० नंतर उतार. ५० मीटरला तो दमलेला नाही. ५० मीटरच्या गेटचा आकडा सुमारे दोन शतांश सेकंदांनी चुकला आहे आणि तुमचा सगळा घोळ त्या एका आकड्यातून आलाय. हे कशावरून म्हणतो ते आधी सांगतो, कारण आकडे साफ केल्याशिवाय टप्पे पाडण्यात अर्थ नाही.

दहा-दहा मीटरचे तुकडे क्रमाने लिहून बघा: २.१७, १.१५, १.०६, १.०२, ०.९९, १.०३, १.०१, १.०२, १.०४, १.०६. आता फक्त मधल्या दोघांकडे बघा. ०.९९ आणि १.०३ यांची बेरीज २.०२, म्हणजे प्रत्येकी सरासरी १.०१. त्यांच्या जागी १.०१ आणि १.०१ ठेवले, की सगळी रांग गुळगुळीत होते: १.०२, १.०१, १.०१, १.०१, १.०२. एक तुकडा जेवढा कमी, बरोबर तेवढाच पुढचा जास्त, ही एका गेटच्या चुकीची खूण आहे. कारण ५० मीटरची वेळ दोन तुकड्यांत वापरली जाते. एकात ती शेवट असते, दुसऱ्यात सुरुवात. ती दोन शतांश लवकर नोंदली गेली, तर मागचा तुकडा दोन शतांशांनी लहान होतो आणि पुढचा तेवढाच मोठा. आजूबाजूच्या गेटना काहीच होत नाही.

धावपटू खरोखरच मंदावला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं. शंभर मीटरमध्ये दमल्यामुळे गेलेला वेग त्याच शर्यतीत परत येत नाही. तुमच्या तक्त्याप्रमाणे तो ४०-५० ला १०.१० मीटर प्रति सेकंद, ५०-६० ला ९.७१ आणि ६०-७० ला पुन्हा ९.९० वेगाने धावला. पाऊल अडखळलं असेल तर असा खड्डा पडू शकतो, पण ते व्हिडिओत उघड दिसतं आणि त्याआधीचा तुकडा अवास्तव जलद दिसायचं काही कारण नसतं.

दोन शतांश सेकंद म्हणजे किती, हे अंतरात मोजलेलं बरं. दहा मीटर प्रति सेकंद वेगाला ०.०२ सेकंदात धावपटू २० सेंटिमीटर जातो. म्हणजे गेट २० सेंटिमीटर अलीकडे लागलं असेल तरी एवढी चूक होते. टेप ढिली राहिली किंवा गेटचे दोन खांब लेनला काटकोनात नसले की एवढा फरक सहज पडतो. दुसरी शक्यता हाताची. एकच किरण असलेलं गेट छातीच्या उंचीला लावलं, तर पुढे आलेला हात छातीच्या आधी किरण तोडू शकतो. त्या क्षणी हात नेमका पुढे होता की मागे, यावर वेळ बदलते. दोन किरणांची गेट दोन्ही किरण एकदम तुटल्यावरच वेळ नोंदतात, त्यामुळे तिथे हा त्रास बराच कमी असतो.

टेपची चूक की हाताची, हे ओळखायला सोपं आहे. त्याच दिवशी त्याच गेटमधून गेलेल्या इतर धावपटूंचे तुकडे बघा. सगळ्यांच्याच बाबतीत ४०-५० लहान आणि ५०-६० मोठा येत असेल, तर गेटची जागा चुकली आहे. फक्त याच धावेत येत असेल, तर हात.

अशी गोष्ट मोठ्या शर्यतींतही घडते. २००९ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत उसेन बोल्ट ९.५८ सेकंदांत धावला. जगातल्या सगळ्यात बारकाईने मोजलेल्या शर्यतींपैकी ती एक. तरी तिच्या ६० मीटरच्या वेळेचे दोन आकडे प्रसिद्ध आहेत, ६.२९ आणि ६.३१. ८० मीटरची वेळ दोन्हीकडे ७.९२ आहे. ६.३१ धरले तर ६० ते ८० मीटरला १.६१ सेकंद लागतात आणि सरासरी वेग १२.४२ मीटर प्रति सेकंद निघतो. ताशी ४४.७ किलोमीटर हा जो आकडा सगळीकडे फिरतो, तो इथूनच येतो. पण त्याच शर्यतीत लेझरने मोजलेला त्याचा शिखराचा वेग सुमारे १२.३ होता. वीस मीटरची सरासरी शिखरापेक्षा जास्त असणं शक्यच नाही. ६.२९ धरले तर तोच तुकडा १.६३ सेकंदांचा होतो, सरासरी १२.२७ येते आणि सगळं जुळतं. तिथेही फरक दोन शतांशांचाच आहे.

म्हणून पहिला नियम: सगळ्यात कमी वेळेचा तुकडा शोधून त्याला शिखर म्हणू नका. तुमच्या एकूण वेळा शतांशापर्यंत लिहिल्या आहेत, म्हणजे गेट अगदी अचूक असली तरी प्रत्येक वेळेत अर्ध्या शतांशाचा कमीजास्तपणा आणि प्रत्येक तुकड्यात जास्तीत जास्त एका शतांशाची चूक धरावीच लागते. ४० ते ७० मीटरच्या पट्ट्यात या धावपटूच्या तुकड्यांतला खरा बदल जेमतेम एका शतांशाचा आहे. जे शोधायचं ते आणि मोजमापाची चूक इथे एकाच मापाची झाली आहे. शिखराचा वेग सांगायचा असेल तर वीस मीटरचा तुकडा घ्या. इथे ४० ते ६० ला २.०२ सेकंद, म्हणजे ९.९० मीटर प्रति सेकंद. ५० मीटरचं चुकलेलं गेट या हिशोबात येतच नाही.

दुसरी साफसफाई सुरुवातीची. तुमच्या वेळा बंदुकीपासून आहेत, त्यामुळे पहिल्या तुकड्यात ०.१७ सेकंद तो ब्लॉकमध्ये स्थिर होता. तो वेळ धावण्याचा नाही. प्रत्येक एकूण वेळेतून ०.१७ वजा करा: २.००, ३.१५, ४.२१, ५.२३, ६.२२, ७.२५ आणि पुढे. हे न केल्याने टप्प्यांची सीमा किती सरकते ते खाली आकड्यांत दाखवतो. उलट चूकही होते. सरावात पहिलं गेट सुरुवातीच्या रेषेवर असतं आणि धावपटू त्याच्या अर्धा मीटर मागून निघतो. मग घड्याळ सुरू होईपर्यंत तो वेगात आलेला असतो आणि प्रवेग आहे त्यापेक्षा खूपच दणदणीत दिसतो. त्या वेळा आणि ब्लॉकमधून बंदुकीवर घेतलेल्या वेळा एका तक्त्यात शेजारी ठेवू नयेत.

आता टप्पे. तुकड्यांच्या सरासरी वेगांचा स्तंभालेख काढून त्यावर रेघ मारायची सवय अनेकांना असते. त्यात अडचण अशी की सरासरी वेग तुकड्याच्या टोकाचा नसतो, साधारण त्याच्या मधल्या क्षणाचा असतो. शेवटच्या तुकड्यांत याने फरक पडत नाही, सुरुवातीला फार पडतो. तुमच्या धावपटूने पहिले दहा मीटर २.०० सेकंदांत कापले, म्हणजे सरासरी ५ मीटर प्रति सेकंद. पण दहा मीटरची रेघ ओलांडताना त्याचा वेग ८ च्या आसपास होता. स्तंभालेखात मात्र तो दहा मीटरपर्यंत ५ ने धावतो आणि मग एकदम ८.७ वर उडी मारतो.

यावर चांगला उपाय म्हणजे वेळांवर एक गुळगुळीत वक्र बसवणं. स्प्रिंटसाठी जुना आणि भरवशाचा वक्र घातांकी आहे. धावपटूचा वेग एका कमाल मर्यादेकडे सरकत जातो. मर्यादेपासून जितका दूर, तितका प्रवेग जास्त. जवळ आला की प्रवेग विरत जातो. यात आकडे दोनच: `V` म्हणजे ज्या वेगाकडे तो सरकतोय तो, आणि `τ` म्हणजे तो किती झपाट्याने सरकतोय ते सांगणारा काळ, सेकंदांत.

```
v(t) = V * (1 - exp(-t/τ))
x(t) = V * (t - τ * (1 - exp(-t/τ)))
```

स्प्रेडशीटमध्ये A स्तंभात प्रतिक्रिया वेळ वजा केलेल्या वेळा आणि B स्तंभात अंतरं लिहा. E1 मध्ये `V` चा अंदाज, E2 मध्ये `τ` चा. मग C स्तंभात वक्राने सांगितलेलं अंतर येईल:

```
=$E$1*(A2-$E$2*(1-EXP(-A2/$E$2)))
```

B आणि C मधल्या फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल असे E1 आणि E2 सॉल्व्हरकडून काढून घ्या. दोन गोष्टी पाळा. संशयित गेट, इथे ५० मीटरचं, बसवताना बाहेर ठेवा. आणि फक्त ६० मीटरपर्यंतचे आकडे घ्या. या वक्रात वेग कधी उतरतच नाही, त्यामुळे उताराचे मीटर आत घेतले तर तो तडजोड करतो: `V` कमी दाखवतो, `τ` ही कमी करतो, आणि प्रवेगाची सीमा खऱ्यापेक्षा अलीकडे येते. ही चूक मला सगळ्यात जास्त वेळा दिसते, कारण शंभर मीटरचे सगळे आकडे हाताशी असताना चार बाहेर ठेवायला मन तयार होत नाही.

तुमच्या धावपटूसाठी `V` सुमारे १०.० मीटर प्रति सेकंद आणि `τ` सुमारे १.२५ सेकंद येतो. आता वक्र किती नीट बसला ते बघा. १०, २०, ३०, ४० आणि ६० मीटरच्या वेळांना वक्र अनुक्रमे १०.०२, २०.०१, ३०.०३, ३९.९९ आणि ६०.०४ मीटर सांगतो. सगळ्यात मोठा फरक चार सेंटिमीटरचा. बाहेर ठेवलेल्या ५० मीटरच्या गेटची वेळ, ६.२२, त्यात घातली तर वक्र म्हणतो की तो ४९.७९ मीटरवर होता. इतरांचा फरक चार सेंटिमीटरच्या आत आणि याचा एकवीस. गेट चुकलं आहे ही वर बेरजेवरून काढलेली गोष्ट इथे दुसऱ्या वाटेने पक्की झाली.

वक्र हातात आला की सीमेचा प्रश्न वेगळा दिसतो. या वक्रात प्रवेग कुठेच खटकन संपत नाही, विरत जातो. त्यामुळे कमाल वेगाच्या किती टक्क्यांना पोचल्यावर प्रवेग संपला असं म्हणायचं, हे आपण ठरवायचं असतं आणि ठरवलेलं लिहून ठेवायचं असतं. टक्का बदलला की सीमा किती हलते ते पाहा. तुमचा धावपटू ९० टक्क्यांना सुमारे १७.५ मीटरवर पोचतो, ९५ टक्क्यांना २५.६ मीटरवर आणि ९९ टक्क्यांना ४५ मीटरवर. एकाच धावेचा प्रवेग १७ मीटरला संपला म्हणणारा आणि ४५ ला संपला म्हणणारा, दोघंही बरोबर असू शकतात.

मी दोन रेघा ओढतो. ९५ टक्क्यांपर्यंत मुख्य प्रवेग, कारण तिथवर प्रत्येक पावलात वेग डोळ्याला दिसेल इतका वाढत असतो. ९९ टक्क्यांपासून कमाल वेगाचा टप्पा, कारण त्यापुढची वाढ गेटच्या वेळांत दिसूच शकत नाही. मधला पट्टा वेगळा ठेवतो, कारण शरीर सरळ होतं आणि पावलाची पद्धत बदलते ते बहुतेक याच मीटरांत. त्याला कुठल्यातरी एका बाजूला ढकललं की ती माहिती हरवते. या दोन सीमांसाठी सॉल्व्हर झाल्यावर वेगळं गणित लागत नाही:

```
x95 = 2.05 * V * τ
x99 = 3.6 * V * τ
```

सॉल्व्हर नसेल तर कागदावरही जमतं. कमाल वेगाजवळ पोचल्यावर वक्राची वेळ जवळजवळ `x/V + τ` एवढी असते. म्हणजे ६० मीटरच्या वेळेतून ६० भागिले `V` वजा केले की `τ` मिळतो. `V` म्हणून संशयित गेट टाळून वीस मीटरच्या सर्वोत्तम तुकड्याचा वेग घ्या, इथे ९.९०. मग ७.२५ वजा ६.०६, म्हणजे १.१९. यावरून ९५ टक्क्यांची सीमा सुमारे २४ मीटर आणि ९९ टक्क्यांची साडेबेचाळीस येते. सॉल्व्हरने २५.६ आणि ४५ दिली होती. हा फरक यायचं कारण असं, की ४० ते ६० मध्येही तो पूर्ण `V` ला पोचलेला नसतो, एखादा टक्का खाली असतो, त्यामुळे हाताने काढलेला `V` किंचित कमी पडतो आणि `τ` ही त्याच्याबरोबर खाली येतो. हाताचा हिशोब कुठे बिघडला तेही दिसतं: ९.९० आणि १.१९ घेऊन १०, २० आणि ३० मीटरच्या वेळा काढल्या तर तिन्ही तुमच्या वेळांपेक्षा सुमारे अडीच शतांशांनी कमी येतात. सगळे फरक एकाच दिशेने येत असतील, तर वक्र नीट बसलेला नाही असं समजा. नीट बसलेल्या वक्राचे फरक कधी वर, कधी खाली असतात.

या दोन उत्तरांतल्या अंतरावरून आणखी एक गोष्ट कळते. तेच आकडे, तोच वक्र, तरी पहिली सीमा दीड मीटरने आणि दुसरी अडीच मीटरने हलली. म्हणून अहवालात "२५.६ मीटर" लिहू नका, "सुमारे २५" लिहा. आणि पुढच्या महिन्यात ९९ टक्क्यांची सीमा दोन मीटरने सरकलेली दिसली, तर त्यावरून सराव बदलू नका.

प्रतिक्रिया वेळ वजा न केल्यास काय झालं असतं तेही याच सूत्रांत बघता येतं. `V` १०.० च धरला तर कागदावरच्या हिशोबाने `τ` ०.१७ ने वाढून १.४२ झाला असता, पहिली सीमा २९ मीटरवर आणि दुसरी ५१ वर गेली असती. बंदुकीला थोडा उशिरा उठणारा धावपटू मग कागदावर जास्त लांबपर्यंत वेग वाढवणारा ठरतो.

आता ७० मीटरनंतरचं. वक्र उतार सांगत नाही, पण उताराची किंमत मोजायला तोच उपयोगी पडतो. ६० मीटरनंतर तो १०.० च्या वेगाने धावत राहिला असता तर उरलेल्या चाळीस मीटरांना ४.०० सेकंद लागले असते. प्रत्यक्षात ४.१३ लागले. म्हणजे वेग टिकला नाही म्हणून ०.१३ सेकंद गेले. `V` ९.९० धरला तर हा आकडा ०.०९ येतो, म्हणून एक दशांशाच्या आसपास असं म्हणणं प्रामाणिक ठरेल. वेगात सांगायचं तर शेवटच्या वीस मीटरला २.१० सेकंद, ९.५२ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ४० ते ६० च्या मानाने जवळजवळ चार टक्के घट. उतार नक्की कुठे सुरू झाला हे मी ७० मीटर असं लिहीन, पण ६० ते ७० चा तुकडा वक्राने सांगितलेल्यापेक्षा शतांशाच्या आसपासच मागे आहे आणि तो चुकीच्या आवाक्यातच येतो. ८० नंतरचे १.०४ आणि १.०६ मात्र निर्विवाद आहेत. शेवटच्या तुकड्याचा अर्थ लावण्याआधी व्हिडिओ जरूर बघा. बीजिंगला २००८ मध्ये बोल्टचे शेवटचे दहा मीटर ०.९० सेकंदांचे होते आणि त्याआधीचे ०.८३ चे, पण तो दमला नव्हता, हात पसरून जल्लोष करत रेषेवर आला होता.

शेवटी, हे आकडे वाचताना एक गैरसमज टाळा. प्रवेग लवकर संपतो म्हणजे धावपटूत खोट आहे, असं नाही. आणि उशिरा संपतो म्हणजे तो कमजोर सुरुवात करतो, असंही नाही. सीमा `V` आणि `τ` च्या गुणाकारावर ठरते. बर्लिनच्या आकड्यांवर हाच हिशोब करून बघा. बोल्टची प्रतिक्रिया वेळ ०.१४६ होती, म्हणजे ६० मीटर ६.१४ सेकंदांत, `V` सुमारे १२.३ धरला तर `τ` सुमारे १.२७ येतो. तुमच्या धावपटूच्या १.२५ च्या अगदी शेजारी. तरी त्याची ९५ टक्क्यांची सीमा ३२ मीटरवर जाते आणि ९९ टक्क्यांची ५६ मीटरवर, कारण त्याला पोचायचा वेगच जास्त आहे. सुरुवात किती जोरदार ते बघायचं असेल तर `V` भागिले `τ` काढा. तो निघतानाचा प्रवेग: तुमच्या धावपटूचा ८.०, बोल्टचा सुमारे ९.७ मीटर प्रति सेकंद वर्ग.

यातून व्यवहाराची गोष्ट निघते. एखाद्याचा `V` हंगामात ९.८ वरून १०.० वर गेला आणि `τ` तोच राहिला, तर प्रवेगाची सीमा पुढे सरकेल आणि ती सुधारणा असेल. पण `V` तोच राहून `τ` वाढला, तरी सीमा पुढेच सरकते आणि ती मात्र पीछेहाट असते. त्यामुळे नुसती सीमा मीटरांत लिहून ठेवण्याने काही कळत नाही. प्रत्येक धावेच्या नोंदीत `V`, `τ`, वापरलेला टक्का, प्रतिक्रिया वेळ वजा केली की नाही, आणि वारा एवढं लिहा. पाठीमागचा वारा वरच्या वेगाला जास्त मदत करतो आणि वेगवेगळ्या वाऱ्यांतल्या दोन धावांचे `V` थेट ताडून पाहिले तर वाऱ्यालाच सुधारणा समजण्याची चूक होते.

पुढच्या वेळी गेट लावताना ५० मीटरची जागा ४० पासून न मोजता सुरुवातीच्या रेषेपासून ताणलेल्या टेपने मोजा, म्हणजे एका गेटची चूक पुढच्यात जाणार नाही. आणि गेट कमी पडत असतील तर २०, ४०, ६०, ८० आणि १०० एवढीच लावा. दहा मीटरवर एक जास्तीचं लावता आलं तर उत्तम, कारण `τ` चा बराचसा पुरावा पहिल्या वीस मीटरांतच असतो.